बारागाड्यांच्या आदल्या दिवशी चाक अडकलं तर: आसावर जाम झालेलं बैलगाडीचं चाक कसं सोडवायचं

हल्ली गावात बैलगाडी वर्षातून एकदाच बाहेर निघते. उरलेले अकरा महिने ती गोठ्याच्या कडेला किंवा निंबाखाली उभी असते. खान्देशात बऱ्याच गावांच्या यात्रेत बारागाड्या ओढतात. बारा गाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांवर माणसं बसवायची आणि भगताने त्या ओढत न्यायच्या. त्यासाठी कुणीतरी गोठ्यातली जुनी लाकडी गाडी बाहेर काढायला जातं, आणि एक चाक फिरतच नाही असं दिसतं. जू धरून ओढलं तर एक चाक फिरतं, दुसरं मातीत चर पाडत घसटत येतं.

मी लोहारकाम मामांच्या भट्टीवर, भाता ओढता ओढता शिकलो. हे काम त्यांच्याकडून एकदाच नीट पाहिलं, आणि पुढे जेवढी चाकं सोडवली ती सगळी त्याच पद्धतीने. ज्यांच्या हाती घरची जुनी गाडी नुकतीच आली आहे किंवा जे भट्टीवर नवे आहेत, त्यांच्यासाठी ते पहिलं चाक जसं सुटलं तसं सांगतो. पारोळा-अमळनेर पट्ट्यातलं आमचं गाव, चैत्रातली यात्रा, आणि हातात जेमतेम दीड दिवस.

आधी घण खाली ठेवा

आप्पा सकाळीच भट्टीवर आले. "मामा, चाक फिरी नई राह्यनं. आनि सकाय बारागाड्या!" त्यांच्या मुलाने तोवर घरचा घण आणून आसाच्या टोकावर चार-पाच ठोके घातलेलेही होते. मामांनी जाऊन पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले ते एवढंच: "भो, आते घण नको मारजो. पहिले देखू दे, कोठे अडकेल शे ते."

यामागचं कारण समजून घ्या. आसाचं टोक सरळ ठोकलं की लोखंड कडेने बाहेर पसरतं, त्याला टोपीसारखी कड येते. खिळीचं भोक दबून लांबट होतं. आता आतला गंज सुटला तरी चाक बाहेर येणार नाही, कारण चाकाच्या मध्यातली लोखंडी नळी त्या नव्या कडेला अडकेल. म्हणजे एक अडचण सोडवायला जाऊन दुसरी घडवली. त्या दिवशी मामांची पहिली वीस मिनिटं कानशीने ती कड घासून काढण्यातच गेली.

चाकाची रचना थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आस म्हणजे दोन्ही चाकांमधून जाणारा लोखंडी दांडा. मध्ये तो चौकोनी असतो, चाकात जातो तिथे गोल. हा गोल भाग नीट पाहिला तर आतल्या बाजूला किंचित जाड आणि टोकाला किंचित बारीक असतो. चाकाच्या मध्यातलं जाड लाकूड तो तुंबा. तुंब्यात ठोकून बसवलेली लोखंडी नळी तो बुश. फिरतं ते चाक, तुंबा आणि बुश मिळून. आस जागची हलत नाही. टोकाच्या भोकात आडवी खीळ असते, ती चाकाला बाहेर निसटू देत नाही. बुश आणि आस यांच्यामध्ये वंगण असायला हवं. ते नसलं की पुढचं सगळं घडतं.

नेमकं कशाने धरलं आहे, ते ओळखा

खीळ काढा. वाकली असेल तर ठोकून बाहेर काढू नका, पक्कडीत धरून फिरवत काढा. मग बुशाच्या तोंडाशी, आसाच्या भोवतीच्या फटीत एखादी तार फिरवा आणि तारेला काय लागतं ते बोटावर घेऊन पाहा.

काळी, चिकट, डांबरासारखी पुटं निघाली तर ते वाळलेलं वंगण आहे, त्यात रस्त्याची धूळ बसलेली. हा सगळ्यात सोपा प्रकार. डिझेल घालून तासभर थांबलं तरी बहुतेक वेळा चाक फिरतं.

तांबूस भुकटी निघाली तर गंज. लोखंड गंजलं की त्याचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. बुश आणि आस यांच्यामध्ये जागा असते ती कागदाच्या जाडीची. तिथे गंज धरला की तो पाचरीसारखा दाटतो. आप्पांच्या चाकाला हेच झालं होतं.

तिसरा प्रकार वाईट. तोंडाशी चकचकीत, ओरखडल्यासारख्या रेघा आणि लोखंडाचे चमकते कण दिसले, तर चाक कोरडंच फिरवलं गेलेलं आहे आणि लोखंड लोखंडाला चावून बसलं आहे. ते तेलापाण्याने सुटत नाही. बुश फोडावा लागतो, वेळ जातो, तुंबाही खराब होऊ शकतो. उद्या यात्रा असेल तर त्या चाकामागे रात्र घालवू नका. शेजाऱ्याची गाडी मागा.

आप्पांचं चाक गंजलं कसं, तेही कळलं. आमच्याकडे चैत्र-वैशाखात ऊन चाळिशीच्या पुढे जातं, लाकूड आटतं, आणि चाकावरची लोखंडी धाव खुळखुळायला लागते. ती घट्ट व्हावी म्हणून लोक चाकावर पाणी मारतात, ओली पोती टाकतात. लाकूड फुगतं, धाव बसते. ही रीत चुकीची नाही. पण आप्पांच्या मुलाने पंधरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ बादली ओतली ती थेट तुंब्यावर. आतलं वंगण तर मागच्या पावसाळ्यापासूनच वाळलेलं. पाणी बुशाच्या तोंडातून आत गेलं आणि तिथेच राहिलं. दुसऱ्या चाकावर त्याने पाणी मारलं नव्हतं, ते फिरत होतं.

तुम्हीही धावेसाठी पाणी माराल, तर ते बाहेरच्या लाकडी पाट्यांवर मारा, आणि त्याआधी बुशात वंगण भरून घ्या.

गाडी उचलणं

गाडीवरचं सगळं उतरवा. फिरत्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दगड लावा. जू जमिनीवर किंवा टेकणावर पक्कं टेकवा. मग अडकलेल्या चाकाच्या आतल्या बाजूला आसाखाली जॅक लावा आणि चाक जमिनीपासून दोन बोटं उचलेपर्यंतच वर घ्या. जॅक नसेल तर पहार आणि ओंडका चालतो, तरणी दोन माणसं लागतील. उचललं की आसाखाली जाड ओंडका सरकवा. नुसत्या जॅकवर ठेवून हात घालू नका. गाडी अंगावर आलेली माणसं मी पाहिली आहेत.

अडकलेली बाजू दुसरीपेक्षा थोडी उंच राहू द्या. बाहेरच्या तोंडातून घातलेलं तेल आपोआप आतल्या बाजूला उतरतं. सपाट गाडीत तेच तेल तोंडाशी थांबतं आणि ओघळून मातीत जातं.

खडूची रेघ

आता जे सांगतो ते लहान दिसतं, पण मामांच्या हातची मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. त्यांनी खिशातून खडू काढला आणि एकच सरळ रेघ ओढली: आसाच्या टोकापासून सुरू करून, बुशाच्या कडेवरून, पुढे तुंब्याच्या लाकडावर. तीन वस्तू, एक रेघ.

मग म्हणाले, चाक धर आणि हलव. मी जोर लावला. चाक थोडं हललं आणि मी ओरडलो, "हालनं!" मामांनी रेघेकडे बोट दाखवलं. आसावरचा आणि बुशावरचा तुकडा एका ओळीत होता. लाकडावरचा बाजूला सरकला होता. म्हणजे बुश आसाला घट्ट धरूनच होता, आणि तुंबा बुशाभोवती फिरला होता. असंच फिरवत राहिलो असतो तर लाकडातली बुशाची बैठक खाल्ली गेली असती आणि चाक कायमचं डुगडुगलं असतं.

तुमच्याही बाबतीत असं दिसलं तर तिथेच थांबा. बुश आणि लाकूड यांच्या फटीत बाभळीच्या वाळलेल्या लाकडाच्या बारीक पाचरी समोरासमोर ठोका, चार पुरतात. एका बाजूने सगळ्या ठोकल्या तर बुश तिरका होतो. मग रेघ पुसून नवी ओढा आणि पुढे जा. रेघेचा बुश आणि लाकूड यांच्यावरचा भाग एकत्र राहिला आणि आसावरचा मागे पडला, तर समजायचं की खरंच सुटलं.

गरम, गार आणि तेल

लोहाराकडे भट्टी आहे, मग तापवून का नाही सोडवायचं, असं मीही विचारलं. तुंबा लाकडाचा आहे. त्यावर जाळ धरला तर लाकूड करपेल, आटेल आणि बुशच सैल होईल. आस तापवली तर आसच फुगेल आणि अजून घट्ट बसेल. आणि जिथे आधी डिझेल किंवा घासलेट घातलं आहे, तिथे जाळ कधीच नेऊ नका.

मामांनी उकळतं पाणी वापरलं. बुशाची कड तुंब्याच्या बाहेर बोटभर येते. त्या कडेला सुती चिंधी गुंडाळली आणि किटलीतून बारीक धारेने उकळतं पाणी त्या चिंधीवर सोडत राहिले, पाचेक मिनिटं. यात्रेसाठी गोळेवाल्याची गाडी देवळासमोर आदल्या दिवशीच लागली होती. मामांनी मला तिकडे पिटाळलं. बर्फाचा मोठा खडा फडक्यात घालून आसाच्या पुढे आलेल्या टोकावर धरायला लावला. म्हणजे बाहेरचा बुश गरम, आतली आस गार.

याने किती फरक पडतो? बुशाचं भोक दोन इंच, म्हणजे पन्नास मिलिमीटर धरा. चाळीस अंशांवरून ते उकळत्या पाण्याच्या आसपास नेलं तर भोक मिलिमीटरच्या तिसाव्या भागाइतकं मोठं होतं, म्हणजे साधारण अर्ध्या केसाची जाडी. आस गार झाल्याने त्यात थोडी भर पडते. एवढ्याने चाक गळून पडत नाही. पण गंजाचा थर ठिसूळ असतो. तो ताणला गेला की त्याला बारीक भेगा पडतात, आणि तेलाला जायला तेवढ्याच भेगा लागतात. शिवाय ही उष्णता फार आत जात नाही, तोंडापासून दोन-तीन इंच. पाणी तोंडातूनच शिरलेलं असल्याने जास्त गंजही तिथेच असतो.

पाणी थांबवलं, चिंधी काढली, ओल पुसली, आणि बुश अजून कोमट असतानाच मामांनी फटीत डिझेल घातलं. त्यात थोडं इंजिन ऑइल मिसळलेलं होतं. लोखंड गार होताना तेल आत ओढलं जातं. एका वेळी चमचाभर, आत जाईल तेवढंच. मग छोट्या हातोडीने बुशाच्या कडेवर, लाकडावर नाही, गोल फिरत टकटक करत राहायचं. ठोकायचं नाही, नुसतं थरथरवायचं. सुरुवातीला आवाज भरीव येतो, आस आणि बुश एकच ठोकळा असल्यासारखा. गंज फुटत गेला की तो मोकळा होत जातो. कान लावून ऐकलं तर नवख्यालाही कळतं.

गरम-गार-तेल असा फेरा आम्ही दुपारपर्यंत तीनदा केला. मग मामांनी सगळ्यांना हात काढायला लावले, फटीत शेवटचं तेल भरलं, आणि जेवायला गेले. आप्पांचा जीव वरखाली होत होता. मामा म्हणाले, "आते नको घाई करू. तेलले काम करू दे." ते थेट संध्याकाळीच परतले. हातात रात्र असेल तर रात्रभर ठेवा. या कामात सगळ्यात जास्त चाकं बिघडतात ती या थांबण्याच्या वेळी केलेल्या जबरदस्तीने.

फिरवणं, मग काढणं

पहिलं ध्येय चाक काढणं नाही, फिरवणं आहे. चाकाची त्रिज्या अडीच फूट, म्हणजे तीस इंच. आसाची एक इंच. धावेवर वीस किलोचा जोर लावला की आसाच्या पृष्ठावर तो सहाशे किलोचा होतो. चाक हीच तुमची सर्वांत मोठी पहार आहे, वेगळी पहार आऱ्यांत घालून जोर करायचं कारण नाही. तसं केलं तर आऱ्याचं तुंब्यात बसलेलं टोक तुटतं.

दोघांनी उभं राहायचं, एकाने चाकाची पुढची कड, दुसऱ्याने मागची. एकाने वर उचलायचं, दुसऱ्याने त्याच वेळी खाली दाबायचं. असं केलं तर आसावर वाकवणारा जोर येत नाही. मग उलट. पुढे-मागे, झुलवल्यासारखं. एकाच दिशेने रेटत राहू नका.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी आणि आप्पांचा मुलगा असे उभे होतो. मामा गुडघ्यावर बसून खडूच्या रेघेला डोळा लावून. तिसऱ्या-चौथ्या झुलीला कुरकुर आवाज आला. मामांनी हात वर केला. रेघ आसापाशी तुटली होती, सुताभर. बुश आणि लाकूड मात्र एकत्र. त्यांनी आणखी तेल घातलं, पुन्हा झुलवायला सांगितलं. सूत झालं, बोट झालं, वीत झाली, आणि मग एक पूर्ण फेरा. तांबडं पाणी बुशाच्या तोंडातून थेंब थेंब गळत होतं. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी नुसता तुंब्यावर हात ठेवला.

फिरलं म्हणून तसंच गाडीला सोडू नका. आत गंजाची भुकटी आहे, ती दळणासारखं बुशाला खाईल. चाक काढलंच पाहिजे.

इथे एक युक्ती आहे. चाक हवेत लोंबत असेल तर त्याचं वजन आसावर तिरकं येतं आणि बुश पुन्हा चावतो. म्हणून जॅक हळूहळू उतरवा. चाकाखाली फळी ठेवा, तिच्यावर थोडं ग्रीस फासा. धाव फळीला नुसती टेकेल आणि मध्ये घातलेला वर्तमानपत्राचा कागद ओढला तर जेमतेम निघेल, एवढ्या उंचीवर थांबा. आता चाकाचं वजन फळीवर आहे आणि आस बुशात अधांतरी. दोघांनी चाक फिरवत फिरवत बाहेर ओढा. आस टोकाकडे बारीक होत जाते, म्हणून पहिलं बोटभर बाहेर आलं की पुढे भराभर येतं. अडलं तर आतल्या बाजूने तुंब्याच्या कडेवर लाकडी ठोकळा धरून हलकेच ठोका, एकदा वर, एकदा खाली, समोरासमोर. आऱ्यांवर आणि पाट्यांवर हातोडी लागता कामा नये. चाक बाहेर पडायच्या वेळी समोर कुणी उभं राहू देऊ नका. ते जड असतं आणि आडवं पडताना आवरत नाही.

बसवण्याआधी

आस पॉलिश पेपरने गोल फिरवत घासा. उंचवटा असेल तर कानस लावा, पण आसाचा गोलपणा बिघडवू नका. बुशात काठीला फडकं गुंडाळून डिझेलने पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. मग कोरडं फडकं फिरवा, पेपरचा एक कणही आत राहता कामा नये. बोट आत घालून फिरवा. खड्डे लागले तर चालतात, त्यांत वंगण साठतं. धारदार कड लागली तर ती मात्र काढा.

पूर्वी वंगणाला एरंडेल वापरायचे, आजही ते वाईट नाही. ग्रीस सहज मिळतं. आसावर सगळीकडे जाड थर द्या, बुशातही फासा. चाक चढवताना फिरवत चढवा, म्हणजे वंगण पसरतं. टोकाकडून जास्तीचं बाहेर आलं की समजायचं पोट भरलं.

चाक चढवून खीळ घातल्यावर ते आत-बाहेर दोन-तीन मिलिमीटर हलायला हवं. अजिबात हललं नाही तर ते पुन्हा घासेल, खीळ आणि चाक यांच्यामधली चकती बदला. त्याहून जास्त हललं तर चालताना खिळीवर धक्के बसतात. आप्पांची जुनी खीळ मधोमध झिजून बारीक झाली होती. मामांनी ती पुन्हा घातली नाही. रात्री भट्टी पेटवली, सळईचा तुकडा लाल करून एका टोकाला डोकं बसवलं, दुसरं टोक निमुळतं केलं. चढवल्यावर ते टोक थोडं वाकवलं. बारागाड्यांत माणसं गाडीवर बसलेली असतात, गर्दी चाकाला खेटून चालते. तिथे झिजलेली खीळ घालणं मला तरी मान्य नाही.

चाक वर असताना हाताने एक जोरदार गिरका द्या. ते सात-आठ फेरे घेऊन हळूहळू थांबायला हवं. एकाच जागी दरवेळी अडखळून थांबलं, तर आत अजून उंचवटा आहे, पुन्हा काढा. मग गाडी खाली घेऊन शंभर पावलं ओढून आणा आणि तुंब्यावर तळहात ठेवा. दोन्ही तुंबे सारखेच लागले तर ठीक. एक गरम लागला तर तो घासतोय.

मामांनी हे रात्री साडेदहाला केलं, कंदील धरून, गल्लीतच. दोन्ही तुंब्यांवर हात ठेवून बघितले, फडक्याला हात पुसले आणि आप्पांना म्हणाले, सकाळी एकदा वंगण परत भरा, पहिल्या चालीत ते बाहेर पडतं. दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना गाड्या देवळासमोर बांधल्या. आप्पांची सातवी होती. आप्पांचा मुलगा ग्रीसचा डबा घेऊन तिच्या चाकाशी बसला होता.